आईची आवर्त ठेव आणि काकांची मुदत ठेव

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या जूनमधली गोष्ट. दुपारचे डबे पोचवून आई बँकेत गेली होती. परतली ती गप्पच. पदराने कपाळ पुसले, पासबुक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "बघ गं जरा. बँकेनं मला फसवलं की काय?"

वडील गेल्यापासून आई डबे करून घर चालवते. धाकट्या बहिणीला नर्सिंगला घालायचे म्हणून तिने वर्षभरापूर्वी बँकेत आवर्त ठेव उघडली होती. आपण सगळे जिला 'आरडी' म्हणतो तीच. दरमहा ५,००० रुपये, बारा महिने, व्याजाचा दर ७ टक्के. वर्षात तिने ६०,००० रुपये भरले आणि मुदत संपल्यावर हातात पडले ६२,३११. म्हणजे व्याज २,३११ रुपये.

एवढ्यावर तिची काही तक्रार नव्हती. पण त्याच बँकेत, त्याच दिवशी, त्याच ७ टक्क्यांनी काकांनी ६०,००० रुपयांची एक वर्षाची मुदत ठेव केली होती. त्यांना मिळाले ६४,३१२. संध्याकाळी काका आले आणि खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "वहिनी, ही आरडी म्हणजे नुसता दिखावा. दर एकच, पण मला त्रेचाळीसशे आणि तुम्हाला तेवीसशे! आता हे पैसे माझ्याकडे द्या. माझ्याच नावावर एफडी करून टाकतो."

"तसंच करा भाऊजी," असे आई म्हणणार तेवढ्यात मी म्हटले, "काका, आजची रात्र थांबा. मी हिशोब करून बघते."

मी म्हटले खरे, पण मनातून घाबरलेच होते. अर्थशास्त्र घेऊन तीन वर्षे झाली, केन्सचा गुणक फळ्यावर सोडवता येतो, पण आईच्या पासबुकातली एक ओळ समजावून सांगण्याची वेळ कधी आली नव्हती. त्या रात्री वही घेऊन बसले. तेव्हा जे उमगले तेच इथे मांडते आहे, कारण वर्गातल्या मैत्रिणींना विचारले तर निम्म्याजणींच्या घरी हाच गैरसमज होता.

पैसा किती महिने कामावर होता?

आधी काकांची मुदत ठेव पाहू. आपल्याकडील बँका सहा महिन्यांवरच्या ठेवींवर साधारणपणे दर तिमाहीला चक्रवाढ व्याज धरतात. दर वर्षाला ७ टक्के असेल तर तिमाहीला त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे पावणेदोन टक्के. पहिल्या तीन महिन्यांनी ६०,००० चे ६१,०५० झाले. दुसऱ्या तिमाहीत व्याज मिळाले ते या ६१,०५० वर. त्यामुळे रक्कम ६२,११८ झाली. तिसऱ्या तिमाहीअखेर ६३,२०५ आणि चौथ्या अखेर ६४,३१२. व्याज ४,३१२ रुपये. सरळ व्याज धरले असते तर ते ४,२०० झाले असते. वरचे ११२ रुपये ही व्याजावरच्या व्याजाची कमाई. म्हणून कागदावरचा दर ७ टक्के असला तरी वर्षाअखेर हाती येतो तो ७.१९ टक्के.

आता आईकडे वळू. काकांचे साठ हजार पहिल्या दिवसापासून बँकेत होते. प्रत्येक रुपया पूर्ण बारा महिने राबला. आईचा फक्त पहिला हप्ता बारा महिने राबला. दुसरा अकरा महिने, तिसरा दहा, आणि शेवटच्या पाच हजारांना तर जेमतेम एक महिना मिळाला. बारापासून एकपर्यंतची बेरीज केली तर ७८ येते. काकांच्या बाबतीत तीच बेरीज बारा गुणिले बारा, म्हणजे १४४ आहे. दोघांनी साठ हजारच दिले, पण काकांचे पैसे १४४ पाळ्या कामाला गेले आणि आईचे ७८. मग मजुरी सारखी कशी मिळणार?

आईला हे मी तिच्याच धंद्यातल्या उदाहरणाने सांगितले. दोन बायका कामाला ठेवल्या. रोजचा पगार एकच. एक बारा दिवस आली, दुसरी साडेसहा दिवस. साडेसहा दिवसवालीला निम्म्याहून थोडे जास्त मिळाले, तर तिचा रोज कमी होता असे आपण म्हणतो का? आई लगेच म्हणाली, "नाही गं. खाडे झाले एवढंच."

वहीतला हिशोब

एवढ्याने माझे समाधान होईना. बँकेचा आकडा स्वतः काढून पाहायचा होता. त्याची एक सोपी वाट आहे. तिला ना मोठे सूत्र लागते, ना यंत्र.

एक तिमाही घ्या. तीत तीन हप्ते पडतात. तिमाही संपताना पहिल्याला तीन महिने झालेले असतात, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. म्हणजे पाच हजारांवर एकूण सहा महिन्यांचे व्याज. ७ टक्क्यांनी ते होते १७५ रुपये. तेव्हा प्रत्येक तिमाहीत आईचे १५,००० भरले जातात आणि तिमाहीअखेर त्यांचे १५,१७५ होतात. आधीची शिल्लक मात्र पावणेदोन टक्क्यांनी वाढत जाते. आता नुसते रचत जायचे:

पहिल्या तिमाहीअखेर: १५,१७५
दुसऱ्या तिमाहीअखेर: १५,१७५ चे झाले १५,४४१, त्यात नवे १५,१७५, एकूण ३०,६१६
तिसऱ्या तिमाहीअखेर: ३०,६१६ चे झाले ३१,१५१, त्यात नवे १५,१७५, एकूण ४६,३२६
चौथ्या तिमाहीअखेर: ४६,३२६ चे झाले ४७,१३७, त्यात नवे १५,१७५, एकूण ६२,३१२

बँकेने दिले ६२,३११. माझ्या वहीत आले ६२,३१२. एका रुपयाचा फरक का, तर मी तिमाहीच्या आतल्या एक-दोन महिन्यांना सरळ व्याज लावले. बँकेच्या सूत्रात तेवढा तुकडाही चक्रवाढीच्याच गतीने मोजतात. एखाद्या बँकेची पद्धत याहून किंचित वेगळी असू शकते आणि त्यामुळे एक-दोन रुपयांचा फरक पडतो. पण फरक शेकड्यात गेला तर मात्र खिडकीवर जाऊन विचारावे. एखादा हप्ता उशिरा पडला असेल, दंड लागला असेल, किंवा दरच वेगळा नोंदला गेला असेल.

दर एकच होता याचा आणखी एक ताळा मला पहाटे सुचला, आणि मला तो सर्वांत जास्त पटला. समजा आईने एका वर्षाऐवजी दोन वर्षांची आवर्त ठेव उघडली असती. दरमहा पाच हजार, चोवीस महिने, दर तोच. सूत्राने तिची मुदतपूर्तीची रक्कम येते १,२९,०९९. आता दुसरा रस्ता पाहा. पहिल्या वर्षाचे ६२,३११ घेऊन त्यांची एक वर्षाची मुदत ठेव केली, तर त्यांचे ६६,७८९ होतात. शिवाय दुसऱ्या वर्षी नवी आवर्त ठेव चालू ठेवली, तिचे ६२,३११. दोन्हींची बेरीज १,२९,१००. पुन्हा एका रुपयाचाच फरक, तोही पैसे पूर्ण रुपयात धरल्यामुळे. मुदत ठेव आणि आवर्त ठेव या दोन वेगळ्या जाती नव्हेतच. आवर्त ठेव म्हणजे एकामागून एक केलेल्या बारा लहान मुदत ठेवींची माळ. फक्त प्रत्येक मण्याची मुदत वेगळी.

मग निवड कशी करायची?

दर आणि मुदत सारखी असेल तर निवड ठरते ती पैसा हातात कसा येतो यावर. आईकडे पहिल्या दिवशी साठ हजार नव्हतेच. तिला दरमहा पाच हजार सुटत होते. तिच्यापुढे खरी निवड होती ती आवर्त ठेव आणि डाळीच्या डब्यातल्या नोटा यांच्यात. काकांच्या ठेवीशी तिची तुलना करणे हीच मुळात चूक.

याच्या उलट चूक एका मैत्रिणीच्या घरी झाली. त्यांच्याकडे साठ हजार एकरकमी आले होते. ते त्यांनी बचत खात्यात ठेवले आणि तिथून दरमहा पाच हजार आवर्त ठेवीत वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन टाकली. ऐकायला शिस्तीचे वाटते. पण बचत खात्यावर अडीच टक्के व्याज धरले, तर वाट पाहत पडून राहिलेल्या रकमेवर वर्षभरात साधारण ६८८ रुपये मिळतात. आवर्त ठेवीचे ६२,३११ आणि हे ६८८ मिळून झाले ६२,९९९. सरळ मुदत ठेव केली असती तर ६४,३१२ मिळाले असते. तेराशे रुपये विनाकारण गेले. एकरकमी पैसा हातात असेल आणि वर्षभर लागणार नसेल, तर त्याचे हप्ते पाडू नयेत.

आवर्त ठेवीला एक खराखुरा फायदा मात्र आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. ठेव उघडताना ठरलेला दर पुढच्या सगळ्या हप्त्यांना लागू राहतो. २०२५ साली रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशा तीन टप्प्यांत रेपो दर साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. त्यामागोमाग बँकांनी नव्या ठेवींचे दर उतरवले. पण ज्यांनी जानेवारीतच आवर्त ठेव उघडली होती, त्यांच्या डिसेंबरच्या हप्त्यालाही जानेवारीचाच दर मिळाला. दर चढू लागले की हेच उलटते आणि आपण जुन्या, कमी दरात अडकून राहतो.

दोन्ही ठेवी मुदतीआधी मोडल्या तर ठरलेला दर मिळत नाही. पैसे प्रत्यक्षात जितके दिवस राहिले तितक्या दिवसांसाठी त्या वेळी जो दर होता तो धरतात आणि बहुधा त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापतात. ज्या पैशाची मधेच गरज पडेल अशी शंका आहे, तो एकाच मोठ्या ठेवीत न गुंतवता दोन-तीन ठेवींत विभागलेला बरा. म्हणजे वेळ आली तर एकच मोडावी लागते.

आता कराकडे

इथपर्यंत काकांना पटले. पण ते म्हणाले, "ते असू दे. आता तर वहिनींच्या हातात बासष्ट हजार एकरकमीच आहेत ना? मग माझ्या नावावर ठेवायला काय हरकत आहे?"

हरकत होती आणि ती कराची होती. ठेवीवरचे व्याज हे पूर्ण करपात्र उत्पन्न आहे. त्याला वेगळा दर नाही. ते माणसाच्या बाकी उत्पन्नात मिळवतात आणि त्याच्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर त्याला लागतो. काका सरकारी नोकरीत आहेत. घरकर्जामुळे त्यांनी जुनी करपद्धती ठेवली आहे आणि ते वीस टक्क्यांच्या टप्प्यात येतात. करावर चार टक्के उपकर धरला की दर होतो २०.८ टक्के. त्यांच्या ४,३१२ रुपये व्याजातून ८९७ रुपये करात गेले आणि हातात उरले ३,४१५. म्हणजे त्यांच्या ठेवीचे करोत्तर उत्पन्न ७.१९ टक्के नव्हे, ५.६९ टक्के. तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उपकरासह ३१.२ टक्के द्यावे लागतात. त्याच्या हातात उरतात २,९६६, म्हणजे ४.९४ टक्के.

आईचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली आहे. तिला कर शून्य. तिचा पैसा ७.१९ टक्क्यांनीच वाढतो. ज्या आवर्त ठेवीला काका दिखावा म्हणाले, तिनेच करानंतर त्यांच्या मुदत ठेवीपेक्षा दीड टक्का अधिक कमाई केली होती! आईचे ६२,३११ काकांच्या नावावर एक वर्ष ठेवले, तर त्यावर ४,४७८ रुपये व्याज येईल आणि त्यातले ९३१ रुपये करात जातील. आईच्या नावावर ठेवले तर एक पैसाही जाणार नाही.

हे ऐकून कोणी सगळ्या ठेवी बायकोच्या नावावर करायला धावेल, म्हणून सांगून ठेवते. नवऱ्याने बायकोला दिलेल्या पैशावरचे व्याज कायद्याने नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. आईच्या बाबतीत तो प्रश्न नाही, कारण पैसा तिच्या स्वतःच्या कष्टाचा आहे.

कापलेला कर म्हणजे भरलेला कर नव्हे

काकांची शेवटची शंका अशी होती: "पण बँकेनं माझा कर कापलाच नाही. मग कर लागतो कुठे?"

आमच्या प्राध्यापकवर्गातही हा समज असल्याचे मला नंतर कळले, म्हणून याला थोडी जागा देते. बँक जो कर कापते तो 'टीडीएस', म्हणजे उगमस्थानी केलेली कपात. एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधले मिळून वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले तरच ही कपात होते. ज्येष्ठ नागरिकांसाठी हीच मर्यादा १,००,००० आहे. १ एप्रिल २०२५ पासून या मर्यादा लागू झाल्या. कपातीचा दर दहा टक्के, आणि पॅन दिलेला नसेल तर वीस टक्के. ही मर्यादा कपातीची आहे, करमाफीची नव्हे. व्याज चार हजार असो की चाळीस हजार, विवरणपत्रात ते दाखवावेच लागते.

एक उदाहरण घेऊ. वीस टक्के टप्प्यातल्या एखाद्या सरांची याच दराने आठ लाखांची मुदत ठेव आहे. वर्षाचे व्याज ५७,४८७. बँकेने दहा टक्के म्हणजे ५,७४९ कापले. सरांना वाटले, विषय संपला. पण त्यांचा खरा कर होतो ११,९५७. उरलेले सहा हजार दोनशेच्या वर रुपये त्यांनी स्वतः भरायचे असतात. ते राहून गेले की पुढे व्याजासह नोटीस येते. उलट ज्याचा कर शून्य आहे त्याचे दहा टक्के कापले गेले, तर विवरणपत्र भरून ते परत मिळवावे लागतात. तो व्याप टाळण्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला 'माझ्यावर कर लागत नाही' असे घोषणापत्र देता येते. जुनी माणसे त्याला 'पंधरा जी' आणि 'पंधरा एच' या नावांनी ओळखतात.

आवर्त ठेवीवर करच नाही, असे काही वडीलधारे अजून सांगतात. त्यामागचे कारण असे की ३१ मे २०१५ पर्यंत बँका आवर्त ठेवीच्या व्याजावर कपात करत नसत. १ जून २०१५ पासून ती सुरू झाली. कर मात्र त्याआधीही होताच.

शेवटची एक सावधगिरी. पाच वर्षांच्या ठेवीच्या पत्रकात कधी 'सरासरी उत्पन्न ८.३० टक्के' असे ठळक अक्षरांत असते आणि खाली बारीक अक्षरांत दर ७ टक्के. दोन्ही खरे असतात. एक लाखाचे पाच वर्षांत १,४१,४७८ होतात. ४१,४७८ ला पाचाने भागले की ८.३० येतात. पण पहिल्या वर्षी व्याज मिळते ७,१८६ आणि पाचव्या वर्षी ९,४८५, कारण तोवर मूळ रक्कमच वाढलेली असते. त्या वाढीचे श्रेय दराला देऊन टाकणे म्हणजे आईच्या खाड्यांचा दोष दराला देण्यासारखेच आहे. म्हणून पत्रकातले सरासरी उत्पन्न बाजूला ठेवून आधी वार्षिक दर पाहावा. मग पैसा किती महिने राहणार ते पाहावे आणि शेवटी आपल्या टप्प्याचा कर वजा करावा. याच क्रमाने.

सकाळी काकांपुढे वही ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, "वहिनी, पोरीचं बरोबर आहे. पैसे तुमच्याच नावावर असू द्या." त्याच दिवशी आईने ६२,३११ ची एक वर्षाची मुदत ठेव केली आणि जोडीला पाच हजारांची नवी आवर्त ठेव उघडली. येत्या जूनमध्ये दोन्ही मिळून एक लाख एकोणतीस हजार हातात येतील. बहिणीने नर्सिंगचा अर्ज भरून ठेवला आहे. आई आता दर महिन्याला पासबुक भरून आणते आणि डबे घासून झाल्यावर माझ्यापुढे ठेवून म्हणते, "बघ गं, तुझ्या वहीशी जुळतंय का?"